शब्दांच्या डोक्यावरची पेन्सिल

फैजपूरजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजीचं कोरं पुस्तक कुणाच्याच दप्तरात नसायचं. ते चुलत बहिणीकडून नाहीतर शेजारच्या दादाकडून यायचं, आणि येतानाच प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अक्षरात लिहिलेला उच्चार घेऊन यायचं. 'फार्मर', 'मार्केट', 'येस्टर्डे'. काही पानांवर दोन-तीन जणांची अक्षरं एकावर एक बसलेली असत. आम्ही ते मराठी घडाघडा वाचायचो आणि गुरुजी म्हणायचे, शाबास, बस खाली. पाचवीपासून दहावीपर्यंत मी अशीच इंग्रजी शिकले, पासही झाले, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. सगळ्यांचंच तसं होतं.

लग्न होऊन मी धुळ्याला आले, देवपुरात. आमच्या ह्यांचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. ह्यांचं इंग्रजी त्या दुकानाइतकंच. एल्बो, टी, व्हॉल्व्ह, प्रेशर. त्याच्यापुढे गाडी सरकत नाही. माझी तर त्याच्याही मागे. पण मुलगी झाली तेव्हा आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की ही इंग्रजी शाळेत जाईल. माझे सासरे, म्हणजे आबा, शिंदखेड्याकडचे. ते नुसतं हसले. "घरमा कोणलेच येत नई, मंग शिकाडी कोण?" म्हणाले. मी म्हटलं, आबा, मी आहे ना. तोंडाने मी कधीच कमी पडलेले नाही.

पहिलीत फार काही अडलं नाही. गाणी होती, चित्रं होती. दुसरीत शाळेने वाचायची पुस्तकं घरी द्यायला सुरुवात केली. आठवड्याला एक पातळ पुस्तक, घरीच ठेवायचं, पानावर एक चित्र आणि खाली दोन-तीन ओळी. घरी मोठ्याने वाचून घ्या, असं मॅडमचं सांगणं. मुलीने पहिलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. एक कुत्रा होता, त्याच्या डोक्यावर लाल टोपी होती. मला ते वाचता येत होतं, बरं का, पण हळू. एखाददुसऱ्या शब्दाशी मी थांबत होते, आणि पोरीसमोर थांबायची मला लाज वाटत होती.

मग मला आमची जुनी युक्ती आठवली. पोरगी झोपल्यावर मी मोबाइलवर एकेक शब्द टाकून त्याचा उच्चार ऐकला आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर मराठीत लिहून ठेवलं. 'द डॉग सॅट इन द मड.' माझं अक्षर चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी मुलीने पुस्तक उघडलं आणि एका दमात वाचून टाकलं. हे जेवत होते, त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, ही तर फाडफाड वाचते की," म्हणाले. मला जे वाटलं ते सांगते, उगाच विनय कशाला. मला वाटलं, मी जग जिंकलं.

त्यानंतर दर आठवड्याला हेच. पुस्तक आलं की मी पेन्सिलीला टोक काढायची. पाहुणे आले की हे मुलीला पुस्तक आणायला सांगायचे. ती मान डोलवत वाचायची, पाहुणे तोंडात बोट घालायचे, आणि मी चहा टाकता टाकता आतून ऐकायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पालकांना बोलावलं होतं, मी मुलीला घेऊनच गेले. मॅडम तरुण, शांत बाई. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "वर्गात वाचायला सांगितलं की ही उभी राहते आणि गप्प होते. आता तर वाचनाच्या तासाला रोज तिचं पोट दुखतं."

मला हे खरंच वाटेना. मी म्हटलं, "मॅडम, घरी तर ही धडाधडा वाचते. तुम्हीच काहीतरी रागावत असाल." असं बोलायला नको होतं, पण माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कपाटातून तेच लाल टोपीवाल्या कुत्र्याचं पुस्तक काढलं, वर्गातलं, कोरं. मुलीच्या पुढे ठेवलं. हे पुस्तक तिने घरी किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नव्हती. तिने पान उघडलं आणि तिची नजर ओळीवर गेलीच नाही. ती ओळीच्या वर बघत होती, शब्दांच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत, जिथे माझं अक्षर असायचं. तिथे काही नव्हतं. तिने वर माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या मोकळ्या जागेकडे. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मला सगळं एका क्षणात कळलं. कौतुकाने दाखवायला आणलेलं घरचं पुस्तक मी पिशवीतून काढून मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी दोन पानं उलटली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनाने केलंय, ताई. पण ती इंग्रजी वाचतच नाहीये. ती तुमचं मराठी वाचते. डोळ्याला जे सोपं, तिकडेच डोळा जातो."

पुढे त्यांनी बरंच काही समजावलं. अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज हे वेगळे असतात. 'एम'ला 'एम' म्हणून वाचता येत नाही, 'म्' म्हणावं लागतं. आवाज जोडून शब्द बनवायचा. काही शब्द मात्र असे आवाज जोडून नीट जमत नाहीत, ते बघून बघूनच ओळखीचे होतात. एका पानावर चार-पाच ठिकाणी अडायला लागली तर पुस्तक जड आहे असं समजा आणि सोपं घ्या. रोज थोडा वेळ, पण रोज. आणि ती अडली की लगेच सांगू नका, जरा थांबा. मी मान हलवत होते, पण माझ्या कानात फक्त एकच वाक्य फिरत होतं. ती तुमचं मराठी वाचते.

घरी आले ती तावातच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. राग मॅडमचा नव्हता, माझाच होता, पण निघाला पुस्तकावर. घरात जमलेली होती तेवढी पुस्तकं काढली, खोडरबर घेतला आणि एका बैठकीत सगळं मराठी खोडून टाकलं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. "मम्मी, नको ना," म्हणाली. मी ऐकलं नाही. सगळं कोरं करून पुस्तक तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, आता वाच, खरं खरं वाच.

ती रडली नाही. ती म्हणाली, "मला येत नाही. मी ढ आहे." आणि पुस्तक बंद करून दप्तरात ठेवलं. अगदी शांतपणे ठेवलं, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तकाचं नाव काढलं की तिचं पोट घरीही दुखायला लागलं. इंग्रजीचंच नाही, मराठी गोष्टीचं पुस्तक समोर ठेवलं तरी ती तोंड फिरवायची. हे म्हणाले, ट्यूशन लावून टाकू, नाहीतर मराठी शाळेत घालू, त्यात काय वाईट आहे, आपण तिथेच शिकलो. खरं होतं. मराठी शाळेत काहीच वाईट नव्हतं. पण मला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. सात वर्षांची पोर, 'मी ढ आहे' हे मनाशी धरून ज्या शाळेत जाईल तिथे ती ढच राहील, माध्यम कुठलंही असो. मला आता तिचं फाडफाड इंग्रजी नको होतं. ते वाक्य तेवढं तिच्या डोक्यातून जायला हवं होतं, आणि ते घातलं होतं मीच.

काही दिवस आम्ही पुस्तक काढलंच नाही. पेन्सिल मी फ्रीजवर ठेवून दिली, माझा हात जाऊ नये म्हणून.

मग एका रविवारी ह्यांच्या दुकानात सामान आलं होतं. खोकी उतरवून लावायची होती, म्हणून आम्ही दोघी मदतीला गेलो. खोक्यांवर स्टिकर होते, नुसते इंग्रजी. ह्यांना माल बघून ओळखायची सवय, स्टिकर ते वाचतच नाहीत. एक गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं होतं, त्याला नळीच्या टोकाला बसवायच्या एन्ड कॅप हव्या होत्या, आणि हे खोकी खालीवर करत होते. मुलगी एका खोक्याजवळ उकिडवी बसली होती. ती त्या स्टिकरवर बोट ठेवून पुटपुटत होती. "ए... न्... ड्. एन्ड." मग थांबली. "क्... ॲ... प्. कॅप." आणि मान वर करून म्हणाली, "पप्पा, ह्याच्यात आहे."

ह्यांनी खोकं फोडलं. होत्या. गिऱ्हाइकाला दिल्या आणि पुढच्या खोक्याला हात घातला. त्यांच्या काही लक्षातही आलं नाही. मी मात्र तिथेच पाइपाच्या वेटोळ्यावर बसले. त्या स्टिकरवर कुणी मराठी लिहिलेलं नव्हतं. शाळेत शिकवलेले आवाज तिच्याकडे होते, सगळे होते, फक्त माझ्या पेन्सिलीने त्यांना कधी कामच पडू दिलं नव्हतं. मला तिथे ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी गप्प बसले. ओरडले असते तर तिचं पुन्हा पोट दुखलं असतं.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "बाई, मला ते 'एन्ड' कसं वाचलंस ते शिकव." ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली. "तुला येत नाही?" मी म्हटलं, "मला पाठ आहे. पाठ असणं वेगळं. मला वाचायला कुणी शिकवलंच नाही." हे अर्धं लाडाचं होतं आणि अर्धं खरं. ती माझ्या शेजारी सरकली.

तेव्हापासून रात्रीच्या स्वयंपाकाआधीचा वेळ पुस्तकाचा ठरला. गॅसवर वरणाचा कुकर चढवायचा, तो होऊन थंड होईपर्यंत वाचायचं, मग बंद, भले गोष्ट अर्धी का असेना. मॅडमना विचारून मी वर्गातली सोपी पुस्तकं मागून घेतली, पहिलीतल्या पोरांची. ह्यांना ते कमीपणाचं वाटलं. मी म्हटलं, जड मोटर बसवून पाइप फोडायचा का? ते त्यांना लगेच पटलं.

ती शब्दाखाली बोट धरायची, आवाज जोडायची, अडायची. अडली की गप्प बसणं हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते माझं मलाच माहीत. जिभेच्या टोकावर शब्द यायचा. मी हाताला चाळा म्हणून गवारीच्या शेंगा मोडत बसायची. पुष्कळदा ती जमवायची. नाहीच जमलं तर मी चित्राकडे बोट करायची, किंवा पहिला आवाज तेवढा सांगायची. तरीही नाही जमलं तर सरळ शब्द सांगून टाकायची आणि पुढे जायचं. चूक झाली तरी गोष्टीचा अर्थ बिघडत नसेल तर मी सोडून द्यायची. आणि दोघींनाही येत नसेल तर मोबाइलला विचारायचं. मोबाइलमधली बाई बोलली की आम्ही दोघी तिच्यासारखं म्हणून बघायचो आणि हसायचो.

पण ती वाचत होती ते मला खूश करायला. परीक्षा दिल्यासारखं. पान झालं की माझ्या तोंडाकडे बघायची, पास की नापास. गोष्टीत काय झालं विचारलं तर सांगता यायचं नाही. ते टोपीवाल्या कुत्र्याचं पुस्तक पुन्हा काढलं होतं, पण त्याची टोपी कुठे पडली? माहीत नाही. शब्द निघून जात होते आणि गोष्ट तिथेच राहत होती.

ते आबांनी बदललं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. झालं असं की एके दिवशी माझी गडबड होती, भाजीला मीठ घालायचं राहिलं होतं, म्हणून मी म्हटलं, जा, आबांना वाचून दाखव. आबा झोपाळ्यावर बसले होते. तिने वाचायला सुरुवात केली. आबांनी तिला थांबवलं. "माले काय समजस नई त्यामा. तू वाच, आन् मंग माले सांग, काय व्हयनं ते."

पोरगी गडबडली. आजवर तिला कुणी हे असं मागितलंच नव्हतं. मी विचारायची ते तपासायला. आबांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने पान पुन्हा वाचलं, ह्यावेळी हळू, चित्र बघत. मग आबांच्या बोलीत, मोडकं तोडकं, म्हणाली, "आबा, कुत्रानी टोपी चिखलमा पडनी."

"अरे देवा. मंग?"

"थांबा ना, वाचू द्या."

मी डाव हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. 'थांबा ना, वाचू द्या.' त्या एका वाक्याने माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली. तिला पुढचं पान कुणाला दाखवायला नको होतं. आबांना सांगायला हवं होतं, आणि त्याआधी तिला स्वतःलाच कळायला हवं होतं.

मग रोज झोपाळा. आबा मधेच भांडायचे, त्या कुत्र्याचा मालक काय करत होता, एवढा वेळ त्या कुत्र्याला शोधायला नको का. ती म्हणायची, पुस्तकात नाही लिहिलेलं. आबा म्हणायचे, मंग तू सांग. ती मनानेच काहीतरी सांगायची. वाचन इंग्रजीत आणि भांडण आमच्या बोलीत. मॅडमना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या नाक मुरडतील. त्या म्हणाल्या, हेच हवं, गोष्ट तिच्या भाषेत समजली की इंग्रजी शब्द तिच्याजवळ राहतात. मी त्या दिवशी त्यांना दिवाळीआधीच्या बोलण्याबद्दल माफ करा म्हटलं. त्या म्हणाल्या, कुठलं बोलणं?

गाडी एकदम रुळावर आली असं काही नाही. परीक्षेच्या आठवड्यात ती कंटाळली, लग्नाला फैजपूरला गेलो तेव्हा आठ दिवस पुस्तक उघडलंच नाही. तिथे माझ्या भाच्याचं पुस्तक सहज चाळलं तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिल. वहिनीचं अक्षर. मी खोडरबर मागणार होते, पण तोंड आवरलं. वहिनीला फक्त एवढंच म्हटलं, एखादं पान कोरं ठेवून बघ. ती मानते की नाही बघू. वर्गात मात्र पोट दुखायचं थांबलं. एकदा घरी येऊन म्हणाली, आज मी उभी राहून वाचलं, दोनदा अडले. अडल्याचंही तिने सहज सांगितलं, शाळेत डबा सांडला असं सांगावं तसं.

त्यानंतर तिनेच एक नवीन नियम काढला. एक पान ती, एक पान मी. मला काही बोलायची सोयच नव्हती. आता तिसरीची पुस्तकं, शब्द लांब. तिच्या पानावर ती कमी अडते आणि माझ्या पानावर मी जास्त. एक शब्द तर मला रोज दगा देतो. मोबाइलवरची बाई सांगते 'एनफ', म्हणजे पुरेसं, आणि पुस्तकात शेवटी 'जी-एच' लिहिलेलं बघितलं की माझं तोंड भलतीकडेच वळतं. तीन दिवस त्याच शब्दापाशी मी ठेचकाळले. तिसऱ्या दिवशी मी चिडले आणि म्हटलं, "जाऊ दे, ह्या वयात माझ्या डोक्यात काही शिरत नाही, मीच ढ आहे." बोलून गेले आणि जीभ चावली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक बंद करून दप्तरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कुकर चढवला आणि आम्ही बसलो. तिचं पान झालं. मी माझं पान उघडलं. त्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने, वाकड्या तिकड्या अक्षरात, मराठीत लिहिलं होतं, 'एनफ'. फक्त त्या एकाच शब्दावर. बाकी पान कोरं.

फ्रीजवरची पेन्सिल तिने खुर्ची लावून काढली होती म्हणे.

मी म्हटलं, "अगं, असं लिहायचं नसतं ना. मॅडमनी काय सांगितलं?"

"माहितीय," ती म्हणाली. "पण तुझं पोट दुखेल. तुला ओळखीचा झाला की आपण दोघी मिळून खोडू. एकदम नाही खोडायचं."

मी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. त्या शब्दापाशी आले तेव्हा माझी नजर आपोआप वर जाऊ लागली. ती मी खाली आणली, छापलेल्या शब्दावर. वेळ लागला. शेजारी बसलेली माझी मुलगी गप्प होती, तिने मला शब्द सांगितला नाही. गवारीची शेंग हातात घेऊन ती मोडत बसली होती.